अ‍ॅडमिन नोकरी सोडून गेला, आता पेज परत कसं मिळवायचं?

पवनी तालुक्यातल्या कोंढ्यात एक कृषी केंद्र आहे असं धरून चालू. धानाचं बियाणं, खत, फवारणीची औषधं असा माल. काही वर्षांपूर्वी दुकानात कामाला असलेल्या मुलाने स्वतःच्या फोनवरून दुकानाचं फेसबुक पेज उघडलं. युरियाची गाडी आली, अमुक वाणाचं बियाणं उपलब्ध आहे, रविवारी दुकान बंद, असं सगळं तो टाकायचा. कोसऱ्यापासून अड्याळपर्यंतचे शेतकरी दुकानात येण्याआधी पेज बघू लागले. मग त्या मुलाला नागपूरला नोकरी लागली आणि तो गेला. आता रोवणी तोंडावर आली आहे. पेजवर अजून त्याचाच मोबाइल नंबर आहे, गेल्या हंगामाचे भाव आहेत, आणि मालकाला स्वतःच्याच दुकानाच्या पेजवर एक ओळही लिहिता येत नाही. हे दुकान समजावण्यासाठी घेतलंय. पण गिरणी असो, शाळा असो, पतसंस्था असो की बचत गट, वाट सगळ्यांची हीच आहे.

सगळा घोळ पहिल्याच वाक्यात होतो. मालक त्या मुलाला फोन करून म्हणतो, ‘पेजचा पासवर्ड दे.’ पेजला पासवर्ड नसतोच. फेसबुकवर पासवर्ड असतो तो माणसाच्या खासगी प्रोफाइलला, आणि पेज त्या प्रोफाइलच्या आधाराने चालतं. त्यामुळे पेजचा पासवर्ड मागणं म्हणजे त्या मुलाचे खासगी मेसेज, फोटो, मित्र हे सगळं मागणं. तो नाही म्हणतो ते बरोबरच करतो. मालकाला मात्र वाटतं की मुलगा अडवणूक करतोय, आणि दोन मिनिटांत सुटणारं काम भांडणात अडकतं. मागायचा असतो तो पेजचा पूर्ण ताबा. जुन्या भाषेत त्याला अ‍ॅडमिन म्हणत, आता पडद्यावर Full control असं दिसतं.

इथेच एक धोक्याची गोष्ट सांगतो. त्या मुलाचा जुना फोन दुकानातच राहिलाय, किंवा त्याचा पासवर्ड कुणाला तरी ठाऊक आहे, म्हणून त्याच्या प्रोफाइलमध्ये शिरू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 मधल्या कलम 66सी प्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पेज तुमचं असलं तरी प्रोफाइल त्याची आहे. तक्रार करायला गेलेला मालकच आरोपी होईल असं काही करू नये.

तो खरंच एकटा होता का?

‘एकच अ‍ॅडमिन होता’ हे मालक ठामपणे सांगतो, पण ते तपासून बघायला हवं. पेज सुरू करताना त्या मुलाने मालकालाही जोडलं असेल आणि मालक ते विसरला असेल, असं होऊ शकतं. मालकाच्या, त्याच्या मुलाच्या, पुतण्याच्या, हिशेब लिहिणाऱ्याच्या, अशा ज्या ज्या प्रोफाइल दुकानाच्या कामात आल्या असतील त्या प्रत्येकीतून लॉगिन करून हा पत्ता उघडा:

```
facebook.com/pages/?category=your_pages
```

त्या प्रोफाइलला जी पेजेस चालवता येतात ती इथे दिसतात. दुकानाचं पेज यादीत असेल तर निम्मं काम झालं. मग business.facebook.com उघडून बघा. पेजवरून कधी जाहिरात दिली असेल, किंवा भंडाऱ्या-नागपूरच्या एखाद्या जाहिरातवाल्याकडे काम दिलं असेल, तर पेज एखाद्या बिझनेस पोर्टफोलिओत ठेवलेलं असू शकतं. पोर्टफोलिओचा पूर्ण ताबा असलेला दुसरा कुणी सापडला तर तो पेजचा ताबा तुम्हाला देऊ शकतो, गेलेल्या मुलाची गरजच उरत नाही. दुकानाच्या ईमेलमध्ये facebookmail.com असा शब्द शोधा. जाहिरातीची पावती, ‘तुम्हाला पेजचा अधिकार दिला आहे’ अशी सूचना, एखादं न स्वीकारलेलं निमंत्रण, असं काही ना काही जुन्या मेलमध्ये पडलेलं असू शकतं.

आणखी एक शक्यता आहे. काही पेजेस कुणीच उघडलेली नसतात. लोक ‘मी इथे आहे’ असं टाकत गेले की फेसबुक जागेच्या नावाचं पेज आपोआप तयार करतं. तुम्ही ज्याला आपलं पेज समजता ते तसलं निघालं, तर त्याला मालक नसतोच आणि त्यावर रीतसर दावा सांगता येतो. पेजवरच्या माहितीच्या भागात Page transparency उघडा. पेज कधी तयार झालं, आधी त्याचं नाव काय होतं, ते चालवणारे कोणत्या देशात आहेत, हे तिथे दिसतं. चालवणाऱ्यांची नावं दिसत नाहीत. तिथेच आकड्यांतला Page ID असतो, तो आत्ताच वहीत लिहून घ्या. पेजचं नाव उद्या कुणीही बदलेल, हा आकडा बदलत नाही, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तो लागतो.

पेज उघडताना त्या मुलाने स्वतःची नव्हे, तर दुकानाच्याच नावाने वेगळी प्रोफाइल दुकानाच्या सिमवर काढली असेल, तर गोष्ट सोपी आहे. अशी प्रोफाइल फेसबुकच्या नियमात बसत नाही, पण ते सिम तुमच्या नावावर असेल तर facebook.com/login/identify वर तो नंबर टाकून कोड मागवा. सिम हरवलं असेल तर कंपनीच्या दुकानातून त्याच नंबरचं दुसरं घ्या. यात दिरंगाई करू नका. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर नव्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि मग कोड त्याच्या फोनवर जाईल.

त्या मुलाशी बोलताना

माणूस भांडून गेला नसेल तर हाच सगळ्यात जवळचा रस्ता आहे, आणि माझ्या मते थोडंफार भांडून गेला असला तरी आधी हाच धरावा. फेसबुककडे कागद पाठवण्यात आठवडे जातात, तो मुलगा हे काम चहा पिता पिता करू शकतो. फक्त काय करायचं ते त्याला नेमकं सांगा. असा निरोप पाठवता येईल:

‘बाळा, दुकानाच्या पेजचं एक काम होतं. तुझा पासवर्ड नको. पेजवर जाऊन Settings मध्ये Page access उघड. वरच्या People with Facebook access या भागात Add New दाब, माझं नाव शोध, खाली full control चं बटण चालू कर आणि Give access दे. तुझा पासवर्ड विचारेल, तो तूच टाक. मी इकडून स्वीकारतो. मग तू स्वतःला काढून घे. आणि हे होईपर्यंत तुझं फेसबुक बंद नको करू.’

यातली दोन वाक्यं मुद्दाम घातली आहेत. full control चं बटण बंद राहिलं तर तुम्हाला पोस्ट टाकता येईल, मेसेज वाचता येतील, पण दुसऱ्या कुणाला जोडता किंवा काढता येणार नाही. म्हणजे खरा ताबा तिकडेच राहील आणि तुमचा समज होईल की काम झालं. याच पडद्यावर खाली task access नावाचा वेगळा भाग आहे. घाईत तिथे नाव जोडलं जातं, आणि तो अधिकार त्याहूनही तोकडा असतो. ओळखायची खूण सोपी आहे. निमंत्रण स्वीकारल्यावर पेजमध्ये शिरून Page access उघडा. तुम्हाला स्वतःला तिथे नवीन माणूस जोडता येत असेल तरच पूर्ण ताबा मिळाला. निमंत्रण आलंच नाही असं वाटलं तर फेसबुकच्या सूचनांमध्ये नीट बघा, ईमेलही तपासा. पेजच्या रूपात फेसबुक वापरत असताना ते दिसत नाही, आधी स्वतःच्या प्रोफाइलवर परत यावं लागतं.

‘फेसबुक बंद करू नको’ हे त्याहून महत्त्वाचं. पेजचा पूर्ण ताबा एकट्याकडेच असेल आणि त्याने स्वतःचं खातं तात्पुरतं बंद केलं, तर पेजही दिसेनासं होतं. त्याने खातं कायमचं डिलीट केलं तर पेजही त्याच्याबरोबर जातं. डिलीटची विनंती दिल्यावर 30 दिवसांत पुन्हा लॉगिन केलं तर ती थांबवता येते. तेव्हा पेज एकाएकी गायब झालं तर ‘कुणी तरी हॅक केलं’ म्हणून धावपळ करण्याआधी त्या मुलाला फोन करा. त्याने फेसबुकचा कंटाळा येऊन खातं बंद केलं असेल, आणि ते पुन्हा चालू करायला त्याला मिनिटही लागत नाही.

तो सापडत नसेल किंवा देत नसेल तर

मग कंपनीकडे, म्हणजे मेटाकडे, ताब्याची तक्रार करावी लागते. तुमचा आधार हा की, एखाद्या व्यवसायाचं पेज त्या व्यवसायाने अधिकार दिलेल्या माणसानेच चालवावं, हा फेसबुकचा स्वतःचाच नियम आहे. अधिकार देणारे तुम्ही आहात आणि तो अधिकार आता संपला आहे, एवढंच कागदाने दाखवायचं.

नेमकं इथेच छोट्या गावातला दुकानदार अडतो, म्हणून कागदांवर जरा थांबतो. पेजचं नाव आणि कागदावरचं नाव जुळलं पाहिजे. आपल्या कोंढ्याच्या कृषी केंद्राचं पेज दुकानाच्या नावाने आहे, पण वीजबिल मालकाच्या वडिलांच्या नावावर आहे आणि बँकखातं मालकाच्या. हे तिन्ही कागद पाठवले तर तपासणाऱ्याच्या हातात तीन वेगळी नावं पडतात आणि अर्ज परत येतो. त्याऐवजी दुकानाचं नाव आणि मालकाचं नाव दोन्ही एकाच कागदावर असतील असा कागद शोधायचा. जीएसटी प्रमाणपत्रावर कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव वेगवेगळं छापलेलं असतं, म्हणून ते उत्तम. जीएसटी नसेल तर उद्यम नोंदणी आहे. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एक रुपयाही कुणाला देऊ नका. कृषी केंद्राकडे बियाणं विक्रीचा परवाना असतोच, त्यावर दुकानाचं नाव, मालक आणि गाव एकत्र असतं. गुमास्त्याचा कागद देणार असाल तर एक माहीत असू द्या. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्याप्रमाणे मोजके कामगार असलेल्या छोट्या दुकानाला नोंदणी प्रमाणपत्र लागत नाही, फक्त सूचना द्यावी लागते. त्यामुळे तुमच्याकडे असते ती सूचनेची पोच. तीच जोडा आणि पत्रात ती काय आहे हे एका ओळीत लिहा, नाहीतर समोरच्याला तो अर्धवट अर्ज वाटतो.

कागदांबरोबर मालकाचं सरकारी ओळखपत्र आणि सही केलेलं निवेदन लागतं. निवेदन दुकानाच्या लेटरहेडवर, साध्या इंग्रजीत लिहून घ्या. गावातल्या शाळेतले शिक्षक हे आनंदाने करून देतील. त्यात असावं ते एवढंच: मी या दुकानाचा मालक आहे, पेजचा पत्ता आणि Page ID हा, अमुक नावाचा कर्मचारी अमुक तारखेपासून आमच्याकडे नाही आणि त्याला पेज चालवण्याचा अधिकार उरलेला नाही, त्याचा ताबा काढून माझ्या या प्रोफाइलला द्यावा, वरील माहिती खरी आहे. त्याने नोकरी सोडल्याचा काही कागद असेल तर जोडा. राजीनाम्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेजही चालू शकेल, पण त्यात तारीख दिसली पाहिजे. निवेदन नोटरी केलेलं मागितलं जाऊ शकतं. पवनीला किंवा भंडाऱ्याला जाणं होणार असेल तर त्याच फेरीत नोटरी करून ठेवा. रागाने भरलेली दोन पानं लिहू नका. पगार, उचल, जुना वाद यातलं काहीही निवेदनात आलं की तपासणाऱ्याला तो मालक आणि कामगाराचा तंटा वाटतो आणि तो हात झटकतो.

हे द्यायचं कुठे? मेटाच्या बिझनेस मदतकेंद्रात, facebook.com/business/help इथून. माणसाशी चॅट करण्याची सोय सगळ्यांना दिसत नाही. ज्या प्रोफाइलवरून कधी जाहिरातीचे पैसे भरले गेले असतील तिथे ती दिसण्याची शक्यता जास्त, म्हणून घरातल्या प्रत्येक प्रोफाइलमधून एकदा बघा. तक्रार नोंदली की क्रमांक मिळतो, तो आणि तारीख लिहून ठेवा. पहिलं उत्तर बहुधा साचेबंद येतं: ‘सध्याच्या अ‍ॅडमिनशी संपर्क करा.’ तिथेच नाद सोडू नका. त्याच तक्रारीला उत्तर देऊन लिहा की संपर्क केला, अमुक तारखांना केला, उत्तर नाही, आणि मेसेजचे स्क्रीनशॉट जोडा. तीच तक्रार वेगवेगळ्या प्रोफाइलवरून पुन्हा पुन्हा टाकल्याने काम लवकर होत नाही, उलट सगळ्याच अर्धवट राहतात.

तरीही काही हललं नाही तर भारतातल्या माणसाकडे आणखी एक दार आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. माहिती तंत्रज्ञान नियम 2021 प्रमाणे फेसबुकसारख्या कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. 2021 च्या मूळ नियमांत 24 तासांत तक्रारीची पोच देण्याची आणि 15 दिवसांत ती निकाली काढण्याची मुदत होती. मदतकेंद्रात Grievance Officer असं शोधलं की त्याचा अर्ज सापडतो. त्याच्या उत्तराने समाधान झालं नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर 30 दिवसांच्या आत अपील करता येतं. या समित्यांचं काम 1 मार्च 2023 पासून सुरू आहे. अपील ऑनलाइनच होतं, दिल्ली-मुंबईला जायची गरज नाही. मात्र 30 दिवस मोजायचे ते अधिकाऱ्याचं उत्तर मिळाल्यापासून, म्हणून तो मेल आला त्या दिवशीच तारखेची नोंद करा.

पोलिसांत केव्हा जायचं

मुलगा फोन उचलत नाही, एवढ्यावर पोलिसांत जाऊ नये. पण तो पेजवरून ग्राहकांकडून स्वतःच्या खात्यावर पैसे घेत असेल, दुकानाची बदनामी करत असेल, किंवा ‘इतके हजार दे, मग पेज देतो’ म्हणत असेल, तर गोष्ट वेगळी. पैशाची फसवणूक झाली असेल तर तिथल्या तिथे 1930 वर फोन करा. बाकी तक्रार cybercrime.gov.in वर किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे द्या. पोस्ट आणि मेसेज त्याने पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढा, त्यात तारीख आणि पेजचा पत्ता दिसू द्या. पोलिस तक्रारीची प्रत मेटाकडच्या अर्जाला जोडली की त्यालाही वजन येतं.

या अडचणीवर जगणारे लोकही आहेत. ‘पेज रिकव्हर करून देतो’ म्हणून पैसे मागणारे भेटतील, गुगलवर ‘फेसबुक कस्टमर केअर’ म्हणून मोबाइल नंबर सापडतील. फेसबुक अशा मोबाइल नंबरावरून पेज परत देत नाही. असा माणूस तुमच्याच प्रोफाइलचा ओटीपी मागतो, आणि पेजबरोबर प्रोफाइलही जाते.

इतर खाती

पेजबरोबर गुगल मॅपवरची नोंदही त्याच मुलाच्या जीमेलवर असते. ती परत मिळवणं फेसबुकपेक्षा पुष्कळ सोपं आहे. business.google.com/add वर दुकानाचं नाव शोधून मालकीची विनंती करा. जुन्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस असतात. त्याने काहीच केलं नाही तर बहुतेक वेळा दुकानाचा व्हिडिओ किंवा फोन यांनी पडताळणी करून ताबा घेता येतो. नव्या मालकाला पहिले सात दिवस जुन्याला काढता येत नाही, तेव्हा घाबरू नका. दुकानाचं व्हॉट्सअ‍ॅप सिमवर चालतं. नंबर तुमच्या नावावर असेल तर नव्या फोनमध्ये कोड टाकून ते लगेच मिळतं. त्या मुलाने सहा आकड्यांचा पिन लावला असेल आणि तो सांगत नसेल, तर सात दिवस थांबावं लागतं.

पेज हातात आल्यावर पहिल्या तासाभरात काय बघायचं तेही सांगतो. Page access मध्ये तुम्ही आणि घरातला आणखी एक विश्वासाचा माणूस, दोघांनाही पूर्ण ताबा द्या, मग बाकीची नावं काढा. पेजला कोणतं इन्स्टाग्राम आणि कोणतं व्हॉट्सअ‍ॅप जोडलंय ते बघा. जाहिरातीच्या खात्यात कुणाचं कार्ड आहे ते तपासा, आणि दुकानाच्या बँकेचं यूपीआय ऑटोपे चालू असेल तर ते यूपीआय अ‍ॅपमधून बंद करा. माहितीच्या भागातला मोबाइल नंबर बदला. शेवटी कव्हर फोटो आणि जुन्या पोस्ट चाळा. हंगामात उधारी आणि आगाऊ रकमेसाठी टाकलेला क्यूआर कोड तिथे असेल, आणि तो त्या मुलाच्याच खात्याचा असू शकतो. त्याने लबाडीने टाकला असेल असं नाही, त्या वेळी तीच सोय होती. पण शेतकरी पोस्ट जुनी की नवी हे न बघता कोड स्कॅन करतो, म्हणून ती पोस्ट त्याच दिवशी काढून टाका आणि दुकानाच्या खात्याचा नवा कोड वर पिन करून ठेवा.